दुहेरी थरातली वीज आणि उतरत जाणारे व्होल्टेज

सुपरकपॅसिटरमध्ये वीज साठते ती घन आणि द्रव पदार्थ एकमेकांना टेकतात त्या सीमेवर. कोळशाचा एक तुकडा क्षार विरघळवलेल्या द्रवात बुडवला आणि त्यावर बाहेरून थोडे जादा इलेक्ट्रॉन ढकलले, की द्रवातले धनभारित आयन त्याच्याकडे ओढले जातात आणि पृष्ठभागाला लगटून उभे राहतात. इलेक्ट्रॉनांना द्रवात उतरता येत नाही आणि आयनांना कोळशाच्या अणूंत मिसळता येत नाही. त्यामुळे सीमेच्या एका बाजूला इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूला आयन, अशी समोरासमोर रांग लागते. याला विद्युत दुहेरी थर म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी ही कल्पना १८५३ मध्ये मांडली आणि १८७९ मध्ये ती अधिक विस्ताराने लिहिली.

हेल्महोल्ट्झ यांच्या चित्रात आयन कवायतीतल्या शिपायांसारखे एका ओळीत उभे होते. प्रत्यक्षात उष्णतेमुळे आयन सतत हलत असतात, आणि त्यातले काही पृष्ठभागापासून थोडे दूर विखुरलेले राहतात. गुई यांनी १९१० मध्ये व चॅपमन यांनी १९१३ मध्ये हा विखुरलेला भाग हिशेबात घेतला. १९२४ मध्ये श्टेर्न यांनी दोन्ही चित्रे जोडली: पृष्ठभागाला चिकटलेला एक घट्ट थर आणि त्याच्यामागे एक विरळ थर. सुपरकपॅसिटरमधला द्रव आयनांनी इतका दाट भरलेला असतो, की विरळ भाग फारच आखूड उरतो. म्हणून पुढची गोष्ट समजून घ्यायला हेल्महोल्ट्झ यांचे साधे चित्र पुरेसे आहे.

त्या चित्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन थरांमधले अंतर. ते एखाद्या रेणूच्या आकाराएवढे, म्हणजे एका नॅनोमीटरपेक्षाही कमी असते. कोणत्याही कपॅसिटरची धारकता दोन गोष्टींनी वाढते: समोरासमोर असलेले पृष्ठभाग जितके मोठे आणि त्यांच्यातले अंतर जितके कमी, तितकी धारकता जास्त. हवेत एक मिलिमीटर अंतरावर दोन सपाट पत्रे ठेवून एक फॅरड धारकता मिळवायची ठरवली, तर प्रत्येक पत्रा सुमारे ११३ चौरस किलोमीटरचा लागेल, म्हणजे एकेक बाजू दहा किलोमीटरहून लांब. दुहेरी थरात अंतर लाखो पटींनी घटते, आणि फक्त एका चौरस सेंटिमीटरला साधारण दहा मायक्रोफॅरड धारकता मिळते.

पृष्ठभाग वाढवण्याचे काम कोळसा करतो. नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेच्या साहाय्याने खूप तापवला, की त्याच्या आत अगणित सूक्ष्म छिद्रे पडतात. घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्येही असाच सक्रिय कोळसा असतो. त्याच्या एका ग्रॅममध्ये, सगळ्या छिद्रांच्या भिंती उलगडून मोजल्या, तर हजार चौरस मीटर किंवा त्याहूनही जास्त पृष्ठभाग भरतो. हजार चौरस मीटर म्हणजे एक कोटी चौरस सेंटिमीटर. प्रत्येकी दहा मायक्रोफॅरड धरले, तर एका ग्रॅमला शंभर फॅरड होतात. हवेतल्या पत्र्यांना जे करायला शहराएवढी जागा लागली असती, त्याच्या शंभर पट काम चिमूटभर कोळशात होते.

ही छिद्रे किती मोठी असावीत, हा प्रश्न बरीच वर्षे सुटलेला मानला जात होता. आयन द्रवाच्या रेणूंचे कवच पांघरून फिरतो, म्हणून छिद्र त्या कवचासकट आयन मावेल एवढे हवे, असा समज होता. अमेरिकेतले ड्रेक्सेल विद्यापीठ आणि फ्रान्समधले तुलूझ येथील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले, की एका नॅनोमीटरपेक्षा लहान छिद्रांत धारकता कमी होण्याऐवजी वाढते. आत शिरताना आयन आपले कवच काही अंशी उतरवतो आणि भिंतीच्या अधिक जवळ जातो. अंतर कमी झाले, म्हणून धारकता वाढली. जुन्या सूत्राचीच ती साक्ष होती, पण इतक्या अरुंद जागेत ते लागू पडेल असे फार थोड्यांना वाटले होते.

प्रत्यक्ष सेलची बांधणी अगदी सरळ आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर सक्रिय कोळशाचा लेप दिलेला असतो. अशा दोन पट्ट्यांमध्ये कागदासारखा सच्छिद्र पडदा ठेवून त्यांची गुंडाळी केली जाते आणि ती गोल डब्यात बसवली जाते. डब्यात द्रव भरतात: बहुतेक वेळा अ‍ॅसिटोनायट्राइल आणि त्यात विरघळवलेला एक अमोनियम क्षार. चार्ज करताना एका पट्टीतून इलेक्ट्रॉन काढून दुसरीकडे नेले जातात. एका पट्टीच्या छिद्रांत धनायन गोळा होतात, दुसरीच्या छिद्रांत ऋणायन. म्हणजे एका सेलमध्ये दोन दुहेरी थर असतात आणि ते एकमेकांना एकसरीत जोडलेले असतात. एकसरीत जोडणीमुळे धारकता निम्मी होते. दोन्ही पट्ट्यांवर एकेक ग्रॅम कोळसा असेल आणि प्रत्येकीची धारकता शंभर फॅरड असेल, तर सेलची धारकता पन्नास फॅरड भरते. कोळशाच्या एका ग्रॅमचा आकडा आणि पुऱ्या सेलचा आकडा यांची गल्लत जाहिरातींत सर्रास होते. वाचताना तेवढे पाहून घ्यावे.

यात कुठेही नवा पदार्थ तयार होत नाही आणि जुना नष्ट होत नाही. आयन येतात, भिंतीशी उभे राहतात आणि वीज काढून घेतली की परत द्रवात जातात. म्हणूनच चांगल्या सेलची लाखो वेळा भर-उपस करता येते. उत्पादक दहा लाखांपर्यंतचा आकडा देतात. बॅटरीत असे होत नाही. तिथे प्रत्येक वेळी अणू आपली जागा बदलतात, स्फटिक फुगतात आणि आकसतात, आणि ते पदार्थ हळूहळू थकतात.

याच साधेपणाची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. पूर्ण चार्ज झालेल्या सुपरकपॅसिटरच्या कोळशात साधारण साठ कार्बन अणूंमागे एकच जादा इलेक्ट्रॉन असतो. लिथियम बॅटरीच्या ग्रॅफाइटमध्ये दर सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम आयन आणि त्याच्याबरोबर एक इलेक्ट्रॉन बसतो. बॅटरी पदार्थाच्या आतला सगळा भाग वापरते, तर सुपरकपॅसिटरला पृष्ठभागावरच भागवावे लागते.

आता मुख्य प्रश्न. सुपरकपॅसिटरमधून वीज घेत गेले, की त्याचे व्होल्टेज सतत उतरत जाते. बॅटरीचे तसे होत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल बराच वेळ ३.३ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि अगदी शेवटी कोसळतो. सुपरकपॅसिटरचे उतरणे हा दोष आहे असे बऱ्याच जणांना वाटते. खरे तर वीज साठवण्याची जी रीत आहे, तिच्यातूनच ते येते.

सीमेवर समोरासमोर उभ्या असलेल्या इलेक्ट्रॉन आणि आयनांच्या जोड्यांमुळे त्या चिंचोळ्या फटीत विद्युत क्षेत्र तयार होते. क्षेत्राला फटीच्या रुंदीने गुणले की त्या थरावरचे व्होल्टेज मिळते. फट तीच राहते. जोड्या दुप्पट झाल्या की क्षेत्र दुप्पट, व्होल्टेज दुप्पट. जोड्या निम्म्या उरल्या की सगळे निम्मे. हाच संबंध सूत्रात असा लिहितात:

Q = C × V

Q म्हणजे साठलेला प्रभार, C म्हणजे धारकता आणि V म्हणजे व्होल्टेज. चार्ज करताना रिकाम्या भिंतीवर आलेल्या पहिल्या इलेक्ट्रॉनला काहीच विरोध होत नाही. नंतर येणाऱ्या प्रत्येकाला आधी जमलेल्या गर्दीविरुद्ध आत घुसावे लागते. शेवटचा सगळ्यात जास्त जोर लावून आत येतो. बाहेर पडताना हीच क्रिया उलटी होते: पहिला इलेक्ट्रॉन सर्वांत जास्त ऊर्जा घेऊन निघतो आणि शेवटच्याकडे जवळजवळ काही उरत नाही.

बॅटरीत इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा गर्दीवर अवलंबून नसते. कोणता रासायनिक बंध तुटतो आणि कोणता जुळतो, यावर ती ठरते. पहिला इलेक्ट्रॉन ज्या प्रक्रियेतून सुटतो, हजारावाही त्याच प्रक्रियेतून सुटतो. प्रक्रियेला लागणारा माल शिल्लक असेपर्यंत व्होल्टेज फारसे हलत नाही.

हा फरक महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात आणि रिक्षात पाहता येतो. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीत द्रवरूप गॅस असतो. वर जमलेला वायू शेगडीकडे गेला, की तेवढाच द्रव वाफ होऊन त्याची जागा घेतो. त्यामुळे टाकी भरलेली असो वा पाव उरलेली, दाब साधारण तोच राहतो, ज्योत तशीच जळते आणि एके दिवशी भात अर्धा शिजलेला असताना गॅस संपतो. किती उरला हे पाहायला टाकी हलवावी किंवा वजन करावे लागते. सीएनजी रिक्षाच्या टाकीत द्रव नसतो, फक्त दाबून भरलेला वायू असतो. भरलेल्या टाकीवरचा काटा २०० बारच्या आसपास असतो आणि गाडी चालेल तसा तो खाली येत जातो. म्हणून चालकाला काट्यावर नजर टाकताच किती गॅस उरला ते कळते. बॅटरी ही स्वयंपाकाच्या टाकीसारखी आहे आणि सुपरकपॅसिटर सीएनजीच्या टाकीसारखा. व्होल्टमीटर लावला की सुपरकपॅसिटरमधला प्रभार थेट वाचता येतो. बॅटरीतली शिल्लक ओळखण्यासाठी फोन आणि गाड्यांमध्ये मोठी आकडेमोड करणारी यंत्रणा ठेवावी लागते. सुपरकपॅसिटरला तिची गरज नसते.

बाजारात मिळणाऱ्या एका मोठ्या सेलवर हा हिशेब करून पाहू. धारकता ३००० फॅरड, कमाल व्होल्टेज २.७, वजन सुमारे अर्धा किलो, आकार पाण्याच्या लहान बाटलीएवढा. पूर्ण भरल्यावर त्यात ३००० × २.७, म्हणजे ८१०० कूलॉम प्रभार असतो. त्यातून सतत १०० अँपिअर प्रवाह घेतला, तर दर सेकंदाला १०० कूलॉम बाहेर जातात आणि व्होल्टेज दर सेकंदाला एक तीसांश व्होल्टने उतरते. ४०.५ सेकंदांनी ते बरोबर निम्मे, म्हणजे १.३५ व्होल्ट होते. आणखी ४०.५ सेकंदांनी शून्य. आलेखावर ही जवळजवळ सरळ उतरती रेघ दिसते. ‘जवळजवळ’ म्हणायचे कारण असे, की कोळशाची धारकता स्वतःच व्होल्टेजबरोबर थोडी बदलते. त्यामुळे खऱ्या रेघेला किंचित बाक असतो.

प्रवाह स्थिर असला तरच रेघ सरळ येते. साधा रोध जोडला, तर व्होल्टेज उतरेल तसा प्रवाहही कमी होतो आणि रेघ आधी तीव्र, मग सपाट होत जाते. शाळेच्या प्रयोगशाळेत हीच वक्र रेघ दिसते, पण सेल तोच असतो.

ऊर्जेचा हिशेब अधिक बोलका आहे. पहिल्या ४०.५ सेकंदांत आणि दुसऱ्या ४०.५ सेकंदांत बाहेर पडलेला प्रभार सारखाच आहे: ४०५० कूलॉम. पहिल्या टप्प्यात तो सरासरी २.०२५ व्होल्टने बाहेर आला, म्हणजे सुमारे ८२०० जूल मिळाले. दुसऱ्या टप्प्यात सरासरी फक्त ०.६७५ व्होल्ट होते, म्हणजे सुमारे २७३० जूल. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते:

E = ½ × C × V²

म्हणून व्होल्टेज निम्म्यावर आले तेव्हा तीन चतुर्थांश ऊर्जा खर्च झालेली असते. दोन्ही टप्पे मिळून सुमारे १०,९०० जूल, म्हणजे जवळजवळ तीन वॅट-तास. टॉर्चमध्ये घालतात त्या अल्कलाइन AA सेलमध्येही साधारण एवढीच ऊर्जा असते. फरक इतकाच, की तो लहान सेल ही ऊर्जा काही तास झिरपवत देतो आणि अर्धा किलोचा हा डबा ती दीड मिनिटात ओतून टाकतो.

उतरत्या व्होल्टेजमुळे नेमके काय अडते, हे छोट्या सेलवर करून पाहता येते. १० फॅरड, २.७ व्होल्टचा सेल पूर्ण भरून त्याला १०० ओहमच्या रोधातून लाल एलईडी जोडावा. दिवा आधी छान उजळतो, हळूहळू मंद होत जातो आणि व्होल्टेज १.७ च्या आसपास आले की त्यात उजेड म्हणण्यासारखे काही उरत नाही. मल्टिमीटर लावला तर सेल रिकामा नसल्याचे दिसते. सुरुवातीला त्यात ३६ जूल होते आणि अजून साडेचौदा जूल, म्हणजे सुमारे ४० टक्के, तसेच पडून आहेत. एलईडीला पेटायला ठरावीक व्होल्टेज लागते आणि सेल त्याच्याखाली गेला आहे. वीज आहे, पण या दिव्याच्या कामाची नाही.

सीएनजीच्या गाडीत टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये रेग्युलेटर असतो आणि तो बदलता दाब एकसारखा करून देतो. सुपरकपॅसिटरला हेच काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करून देतो. आत येणारे व्होल्टेज २.७ असो वा १.५, बाहेर तो ठरलेले व्होल्टेज देतो. मात्र ऊर्जा कुठून तरी यावीच लागते, म्हणून व्होल्टेज उतरेल तसा कन्व्हर्टर सेलमधून जास्त प्रवाह ओढतो. त्या ३००० फॅरडच्या सेलवर १० वॅटचे उपकरण चालवले, तर सुरुवातीला ३.७ अँपिअर लागतात आणि १.३५ व्होल्टला ७.४ अँपिअर. आणखी खाली गेले, तर प्रवाह झपाट्याने वाढत जातो आणि तारा, कन्व्हर्टर व सेल तापून बरीच ऊर्जा वाया जाते. म्हणून बहुतेक रचनांमध्ये व्होल्टेज निम्म्यावर आले की थांबतात. उरलेल्या पाव ऊर्जेवर पाणी सोडणे हा इथे शहाणपणाचा हिशेब आहे, कारण ती काढण्यासाठी सगळी यंत्रणा कितीतरी पट प्रवाह पेलू शकेल एवढी जाड करावी लागली असती.

एका सेलचे २.७ व्होल्ट फारच कमी पडतात. ते वाढवता येत नाहीत, कारण त्यापुढे द्रवाचे रेणू फुटू लागतात, वायू तयार होतो आणि डबा फुगतो. पाण्यात क्षार घालून बनवलेल्या सेलला तर साधारण एका व्होल्टवर थांबावे लागते, कारण १.२३ व्होल्टच्या पुढे पाण्याचेच विघटन होऊ शकते. म्हणून अनेक सेल एकसरीत जोडतात. वरच्यासारखे १८ सेल जोडले की ४८ व्होल्टचा संच होतो. त्याची धारकता मात्र ३००० ची अठरांश, म्हणजे १६७ फॅरडच्या आसपास उरते. शांघायमध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या सुपरकपॅसिटर बसमध्ये असे मोठे संच होते. काही थांब्यांवर प्रवासी चढेपर्यंत बस वरच्या तारेतून चार्ज होत असे.

एकसरीत जोडणीत एक धोका आहे आणि तोही Q = C × V या सूत्रातूनच दिसतो. सगळ्या सेलमधून प्रभार सारखाच जातो. त्यात एक सेल दहा टक्क्यांनी कमी, २७०० फॅरडचा निघाला, तर बाकीचे २.७ व्होल्टवर असताना तो ३.० व्होल्टवर पोहोचतो. जो आधीच अशक्त, त्याच्यावरच जास्त ताण येतो. तो आणखी बिघडतो आणि ताण आणखी वाढतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक सेलला समतोल राखणारा छोटा सर्किट लावतात. तो वर गेलेल्या सेलचा जादा प्रभार बाजूने वाहून नेतो.

सेलची तब्येत पाहायलाही व्होल्टेजची तीच उतरती रेघ उपयोगी पडते. १०० अँपिअरचा भार जोडताच रेघ आधी क्षणात थोडी खाली पडते आणि मग उताराला लागते. पहिली पडझड आतल्या रोधामुळे होते. चांगल्या मोठ्या सेलचा रोध ०.३ मिलिओहमच्या आसपास असतो, म्हणून ती सुमारे ०.०३ व्होल्ट भरते. पुढचा उतार धारकता सांगतो. वर्षानुवर्षे वापरलेल्या सेलवर तीच चाचणी केली आणि पडझड ०.०६ व्होल्ट निघाली, पुढे निम्म्यावर यायला ४०.५ ऐवजी ३२.४ सेकंदच लागले, तर रोध दुप्पट झाला आहे आणि धारकता २४०० फॅरडवर आली आहे. धारकतेत वीस टक्के घट किंवा रोध दुप्पट होणे ही सेलचे आयुष्य संपल्याची उद्योगातली नेहमीची खूण आहे. उष्णता आणि जास्त व्होल्टेज या दोन गोष्टी सेलला तिथे सगळ्यात लवकर पोहोचवतात.

शेवटी एक खबरदारी. सुपरकपॅसिटर शून्य व्होल्टपर्यंत रिकामा करून तारा काढून घेतल्या, तरी थोड्या वेळाने मीटरवर पुन्हा काही दशांश व्होल्ट दिसू लागतात. खोल आणि अरुंद छिद्रांत अडकलेले आयन उशिरा बाहेर येतात आणि तिथला प्रभार सगळ्या पृष्ठभागावर पसरतो. एका सेलमध्ये याने काही बिघडत नाही, पण शेकडो सेलच्या संचात असे दशांश जमून जीवघेणे व्होल्टेज तयार होऊ शकते. म्हणून मोठा संच हाताळताना किंवा वाहून नेताना तो आधी पूर्ण रिकामा करून त्याची दोन्ही टोके तारेने जोडून ठेवतात, आणि काम संपेपर्यंत ती तार काढत नाहीत.